आजीच्या अल्बममधले फोटो

काका, काकू, आत्या, सगळ्यांना नमस्कार 🙏 दादा, ताई आणि धाकटी मंडळी, मेसेज मोठा आहे पण शेवटपर्यंत वाचा. अर्धं काम तुमच्याकडे आहे.

काल बाबांनी आजीच्या कपाटातला जुना अल्बम काढला. काही फोटो कडेने फिके पडत चालले आहेत, म्हणून ते सगळे मोबाइलवर नीट घेऊन ठेवायचं ठरवलंय. पण कितीतरी फोटोंत कोण आहे हेच आम्हाला कळत नाहीये.

सोबतचा फोटो बघा. पायऱ्यांवर सात जण उभे आहेत आणि डावीकडून तिसरी मुलगी उन्हामुळे कपाळावर हात धरून बघते आहे. मागे काहीच लिहिलेलं नाही. बाबा म्हणतात ती आत्या, आजी म्हणते तिची धाकटी बहीण. आत्या, तूच सांग! काका, बाकीचे सहा जण तुम्हाला ओळखू येतात का?

रोज संध्याकाळी दोन-तीन फोटो इथे टाकेन. काका-काकू, टाइप करत बसू नका. त्या फोटोलाच रिप्लाय करा, माइकचं चिन्ह दाबून धरा आणि आठवेल ते बोला. कोण आहे, कधीचा आहे, त्या दिवशी काय झालं होतं, काहीही चालेल. साल नक्की आठवत नसेल तर 'दादाच्या जन्माच्या आधी' एवढं सांगितलं तरी पुष्कळ. मला तर तुमच्या आवाजातल्या आठवणीच जास्त हव्या आहेत, त्याही जपून ठेवणार आहे.

धाकट्यांनो, तुमच्या घरातले जुने फोटो तुम्ही काढा. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, मोबाइल फोटोच्या बरोबर वर सरळ धरून. पानाला चिकटलेला फोटो ओढू नका, फाटतो. आहे तिथेच घ्या. पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करतं आणि चेहरे धूसर होतात. फोटोमागे काही लिहिलेलं असेल तर तेही घ्या. आणि काढताना आई-बाबांना शेजारी बसवा, गोष्टी तिथेच निघतात.

एक विनंती सगळ्यांनाच. यातला कुठलाही फोटो स्टेटसला किंवा बाहेर टाकायच्या आधी त्यातल्या माणसाला विचारूया. एखादा फोटो ग्रुपवर नको वाटला तर मला वेगळा पाठवा, तो माझ्याकडेच राहील.

येत्या रविवारी संध्याकाळी 5 वाजता व्हिडिओ कॉल करूया. आजी सगळ्यांसोबत बसून फोटो बघणार आहे. ज्यांना जमणार आहे त्यांनी खाली 👍 करा. काकू, वेळ बदलायची असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा, म्हणजे आजीच्या दुपारच्या झोपेचं बघून ठरवता येईल.