रविवारची पडद्यावरची खेळसंध्या : कार्यकारिणी आणि स्वयंसेवकांसाठी नियोजन

नमस्कार मंडळी,

परवाच्या मीटिंगमध्ये ठरल्याप्रमाणे गणेशोत्सवातल्या खेळसंध्येचा सगळा आराखडा लिहून पाठवतोय. वाचा, आणि ज्याच्या नावावर काम आहे त्याने ते आपलं समजून करा. बदल सुचवायचा असेल तर बुधवार रात्रीपर्यंत कळवा. गुरुवारी मी स्लाइड पक्क्या करणार आहे.

आधी वाराचं. शनिवारसाठी आग्रह होता, पण त्या दिवशी घरोघरी गौरींचं आवरणं असतं. बायका दमलेल्या असतात आणि नऊला खुर्च्या रिकाम्या होतात. म्हणून रविवार. सातला आरती, साडेसातला खेळ सुरू, सव्वानऊला शेवटचा खेळ, मग बक्षिसं आणि मिसळ. लाउडस्पीकरला दहाची मर्यादा आहे. काही दिवस सरकार सवलत देतं, पण आपण तिच्या भरवशावर राहायचं नाही. सप्टेंबरात साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे साडेसातला पडद्यावरचं चित्र नीट दिसेल.

जागा ए विंगखालचं पार्किंग. मागच्या मोकळ्या जागेत पडदा लावला तर दिसायला भव्य, पण एक सर आली की प्रोजेक्टर उचलून पळावं लागेल. पार्किंगची उंची बेताची, म्हणून १२० इंची पडदा घेतोय. त्याची रुंदी पावणेनऊ फूट, उंची पाच फुटांपेक्षा जराशी कमी. आपला भाड्याचा प्रोजेक्टर एवढं चित्र साधारण तेरा फुटांवरून टाकतो, म्हणजे तो खांब क्रमांक चारजवळच्या टेबलावर येईल. तिथे दोन दुचाक्या कायम असतात. मालकांना शुक्रवारी सांगून ठेवणं सी विंगच्या दादांकडे. पडद्याचा खालचा काठ जमिनीपासून चार फूट वर हवा, नाहीतर मागच्यांना पुढच्यांच्या टाळूखेरीज काही दिसायचं नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्यावरून मीटिंगमध्ये बराच वेळ गेला. व्हिडिओ गेम लावायचे नाहीत. मोठ्या पडद्यावर गाड्यांची शर्यत झकास दिसते हे कबूल, पण दोन रिमोट म्हणजे दोन मुलं खेळणार, वीस मुलं 'आता माझा नंबर' म्हणून भांडणार आणि आजी-आजोबा पंधरा मिनिटांत घरी जाऊन टीव्ही लावणार. मोबाइलवर उत्तर देण्याची प्रश्नमंजूषाही नको. त्यात ज्याचा अंगठा चपळ तोच जिंकतो.

त्याऐवजी नियम असा, की कुठलाही प्रश्न एकाच वयाच्या माणसाला एकट्याने सुटता कामा नये. अर्धं उत्तर आजोबांच्या डोक्यात, अर्धं नातवाच्या. उदाहरण देतो. पडद्यावर प्रश्न येईल, 'दोन रुपये चार आणे म्हणजे किती पैसे?' रुपयाचे सोळा आणे हे आजींना झोपेतही माहीत, मुलांनी मात्र आणा पाहिलेलाच नाही. चार आणे म्हणजे पाव रुपया हे आजी सांगणार, आणि २२५ हा आकडा पाचवीतली नात पाटीवर लिहिणार. किंवा जुन्या डायलच्या फोनचा फोटो : 'कुठला आकडा फिरवला की डायल परत यायला सर्वांत जास्त वेळ लागतो?' उत्तर शून्य, कारण तो दहा ठोके मोजून येतो. इथे सी विंगचे आजोबा त्यांचा माळ्यावरचा फोन आणून देणार आहेत. मुलांनी प्रत्येक आकडा फिरवून बघायचा. स्क्रीनवर उत्तर दाखवण्यापेक्षा यात दहापट मजा आहे.

याउलट वनाजपासून मोजलं तर नळ स्टॉप कितवं स्टेशन, हे मुलांना विचारा. वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप, म्हणजे चौथं. वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली, त्यामुळे लहानांना ते बाराखडीसारखं पाठ आहे. त्याला जोडप्रश्न मोठ्यांसाठी : लकडी पुलाचं अधिकृत नाव काय? छत्रपती संभाजी पूल. दोन्ही बरोबर आली तरच गुण.

टीम म्हणूनच वयावर नाहीत आणि विंगवरही नाहीत. विंगवर केल्या तर वर्षभराचं पार्किंगचं भांडण पडद्यासमोर येईल. दारात चिठ्ठी काढायची : कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. मानाच्या पाच गणपतींच्या नावांच्या पाच टीम, आणि पहिलाच प्रश्न हा, की या पाचांना मानाच्या क्रमाने उभं करा. चिठ्ठ्यांचे तीन डबे ठेवा : बारा वर्षांखालचे, मधले, साठीच्या पुढचे. म्हणजे प्रत्येक टीममध्ये तिन्ही वयं आपोआप येतील. नवरा-बायको वेगळ्या टीममध्ये गेले तर जाऊ द्या, अदलाबदल करून द्यायची नाही.

खेळ चार. पहिला वर सांगितलेला जोडप्रश्नांचा, बारा प्रश्न, पस्तीस मिनिटं. प्रत्येक टीमला एक पाटी आणि खडू. शिट्टी वाजली की पाटी वर.

दुसरा, चित्रांवरून म्हण. पडद्यावर उंट, त्यावर माणूस, खाली शेळ्या. पालथा घडा आणि पाण्याची धार. नाचणारी बाई आणि तिरकं अंगण. इंग्रजी माध्यमातली मुलं इथे अडतील, ते मुद्दाम आहे. त्यांनी चित्रात काय दिसतंय ते ओरडून सांगायचं आणि आजींनी म्हण पुरी करायची. चित्रं ई विंगच्या ताई हाताने काढून देत आहेत. इंटरनेटवरून उचललेली नकोत, ती दिसायलाही एकसारखी असतात.

तिसरा खेळ सावल्यांचा. पडद्याच्या जागी पांढरी चादर, प्रोजेक्टर तिच्या मागे नेऊन कोरा पांढरा प्रकाश, आणि मध्ये उभं राहून डमशेराज. समोर फक्त सावली दिसते. विषय रोजचे : गॅस सिलेंडर चढवणारा माणूस, रिक्षावाल्याने 'नाही येणार' म्हणणं, मोदकाच्या कळ्या पाडणारी काकू. लहान मुलं इथे सुटतील. एक काळजी घ्या. अभिनय करणाऱ्याने तोंड चादरीकडेच ठेवायचं, लेन्समध्ये बघायचं नाही. शेजारी एक मोठा माणूस उभा हवाच. प्रोजेक्टर हलवायला सात-आठ मिनिटं लागतील. तेवढ्यात सरबत वाटायचं.

चौथा हाउसी, कारण तिच्याशिवाय आपल्याकडे कार्यक्रम संपत नाही. तिकिटं फुकट, पैसे लावायचे नाहीत. १ ते ९० चा तक्ता पडद्यावर राहील, आलेला आकडा पिवळा होईल, त्यामुळे 'काय म्हणाले हो?' हा प्रश्न निम्मा कमी होईल. आकडा दोनदा पुकारायचा, दुसऱ्यांदा सावकाश. पहिली ओळ, मधली ओळ, शेवटची ओळ, चार कोपरे, फुल हाउस. बाकीचे फाटे नकोत.

जुने फोटो हा खेळ नाही, पण आरतीनंतर लोक जमेपर्यंत तेच फिरवत ठेवू. रहिवाशांच्या लहानपणीचे फोटो, ओळखा कोण. ज्याचा फोटो त्यानेच पाठवलेला हवा, दुसऱ्याने गुपचूप दिलेला चालणार नाही. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराच्या आठवणी सांगायला बी विंगच्या आजी तयार आहेत. त्यांना माइक, खुर्ची आणि पाच मिनिटं. पाच म्हणजे दहा होतील हे धरूनच वेळापत्रक केलं आहे, मध्ये कुणी हात दाखवू नये.

तांत्रिक बाजू माझ्याकडे आणि बारावीतल्या आपल्या भाच्याकडे. स्लाइड मी पीडीएफ करून आणतो, कारण दुसऱ्या लॅपटॉपवर फॉन्ट बदलला की 'प्रश्न'चा श सुटतो आणि वेलांट्या भलत्या अक्षरावर जाऊन बसतात. एका स्लाइडवर दोनच ओळी, अक्षर पडद्यावर चार इंच उंच. शेवटची रांग चाळीस फुटांवर आहे. शनिवारी रात्री आठला चाचणीच्या वेळी डी विंगच्या काकूंना चष्म्यासकट तिथे बसवू. त्यांना वाचता आलं की झालं. उत्तरांच्या स्लाइड वेगळ्या फाइलमध्ये असतील. लॅपटॉपचा मोबाइलशी संबंध तोडून ठेवायचा, म्हणजे ऐन प्रश्नाच्या वेळी कुणाच्या घरच्या ग्रुपवरचे संवाद पडद्यावर येणार नाहीत.

आवाज : एचडीएमआय वायर लावली की आवाज प्रोजेक्टरच्या छोट्या स्पीकरमधून येतो. सेटिंगमध्ये जाऊन तो लॅपटॉपच्या हेडफोन पिनवर आणायचा आणि तिथून साउंडवाल्यांच्या मिक्सरला. स्पीकर पुढच्या रांगेच्या कानाशी नकोत. श्रवणयंत्र लावणाऱ्यांना कर्कश आवाज फार त्रास देतो, आवाज थोडा आणि बोलणं स्पष्ट ठेवा. वीज गेली तर जनरेटर यायला काही सेकंद लागतात, तेवढ्यात प्रोजेक्टर बंद पडतो आणि दिवा गार झाल्याशिवाय परत लागत नाही. म्हणून ऑफिसमधला यूपीएस प्रोजेक्टरला द्यायचा. त्यावर मोदकाचा स्टीमर लावू नये, ही नम्र विनंती.

बसण्याबद्दल : पुढे सतरंजीवर मुलं, मग हात असलेल्या खुर्च्या ज्येष्ठांसाठी, त्यामागे बाकीचे. ज्येष्ठांच्या रांगेचा डावा कोपरा चाकाच्या खुर्चीसाठी मोकळा. सगळ्या वायरी जाड चिकटपट्टीने जमिनीला चिकटवून वर पायपुसणी. सगळे दिवे घालवायचे नाहीत. लिफ्टकडचा आणि क्लबहाउसच्या शौचालयाकडचा दिवा चालूच राहील, पडदा थोडा फिका दिसला तरी चालेल.

खर्च : प्रोजेक्टर आणि पडदा २५०० रुपये, साउंडवाल्यांना मंडपातच धरलं आहे, पाट्या-खडू ४००, बक्षिसं १५००. बक्षीस जिंकलेल्या टीमला एकत्र, चिक्कीचं एक मोठं पाकीट. वेगवेगळी बक्षिसं दिली की लहान मुलं रडतात, आणि मोठ्यांचे चेहरेही पडतात.

सूत्रसंचालन एफ विंगच्या काकांकडे. काका, विनोद करा, पण उत्तराआधी नको. उत्तर सांगून झाल्यावर 'कुणाला कसं आठवलं?' एवढं जरूर विचारा, मजा तिथेच येते.

फोटो गुरुवारपर्यंत माझ्याकडे. चिठ्ठ्यांचे डबे, पाट्या आणि चादर (दोन बेडशीट जोडून, शिवण आडवी) रविवारी दुपारी चारला पार्किंगमध्ये. खुर्च्या लावायला सहा जण हवेत, चार मिळाले आहेत.