विषय : कॉम्प्रेस्ड एअरची गळती – आधी तुमची तुम्हीच तपासा, मग मला बोलवा

नमस्कार सर,

तुमच्या कारखान्याच्या मेंटेनन्स विभागाचे प्रमुख म्हणून तुम्हाला हे पत्र लिहीत आहे. आपली ओळख नाही. तुमच्या वेबसाइटवर बाटल्या भरण्याच्या लाईनचे फोटो आहेत, त्यात बरेच एअर सिलिंडर आणि निळ्या पीयू ट्यूब दिसल्या, म्हणून लिहावंसं वाटलं. तुमच्याकडे हवेची गळती आहे असं मी फोटोवरून म्हणू शकत नाही. पण ती आहे का, हे तुम्हाला माझ्या मदतीशिवाय कळू शकतं. ते कसं, हे खाली लिहिलं आहे.

आधी माझ्याबद्दल. मी दोन महिन्यांपूर्वी कॉम्प्रेस्ड एअरची गळती शोधून देण्याचं काम स्वतंत्रपणे सुरू केलं. अजून एकही ग्राहक झालेला नाही, त्यामुळे दाखवायला ना कुणाचं शिफारसपत्र आहे, ना 'आधी आणि नंतर'चे आलेख. त्याआधी 11 वर्षं मी एका इंजिनिअरिंग कारखान्यात मेंटेनन्सला होते, त्यातली शेवटची चार वर्षं कॉम्प्रेसर रूम माझ्याकडे होती. तिथे किती बचत झाली याचे आकडे मला माहीत आहेत, पण ते त्या कंपनीचे आहेत आणि वापरायची परवानगी मी घेतलेली नाही. म्हणून ते या पत्रात नाहीत आणि भेटीतही सांगणार नाही. मी प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक नाही, हेही आधीच सांगते. कायद्याने लागणारं ऑडिट हवं असेल तर ते माझ्याकडून होणार नाही.

मग विश्वास कशावर ठेवायचा? मला वाटतं, तुमच्याच कॉम्प्रेसरवर.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी हवा वापरणारं प्रत्येक मशीन बंद ठेवा, पण लाईनचे व्हॉल्व्ह उघडेच राहू द्या. एकच कॉम्प्रेसर चालू करा आणि नेहमीचा दाब येऊ द्या. त्यानंतर कुणीच हवा वापरत नसताना तो किती वेळ लोडवर आणि किती वेळ अनलोडवर जातो, ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. दहा चक्रं मोजली तर सरासरी बरी येते. लोडच्या वेळेला लोड आणि अनलोड यांच्या एकूण वेळेने भागा आणि 100 ने गुणा. येईल ती टक्केवारी म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेपैकी गळतीत जाणारा हिस्सा. समजा सरासरी लोड 20 सेकंद आणि अनलोड 60 सेकंद आलं, तर गळती 25 टक्के. मिनिटाला 6 घनमीटर हवा देणाऱ्या मशीनवर याचा अर्थ मिनिटाला दीड घनमीटर हवा कुठल्याही कामाला न येता निघून जाते.

व्हीएफडी मशीन असेल तर ही रीत चालत नाही, कारण ते लोड-अनलोड न करता वेग बदलतं. तिथे कारखाना बंद असताना डिस्प्लेवरचे किलोवॅट लिहून घ्या. शून्याच्या वर जे दिसेल, ते बहुतांशी गळतीसाठीच जळत असतं.

आकडा 10 टक्क्यांच्या आत आला तर मला बोलवू नका. तुमची माणसं काम नीट करत आहेत आणि माझ्या फेरीतून तुम्हाला फारसं काही मिळणार नाही. त्याच्या बराच वर असेल तर बोलण्यात अर्थ आहे.

आता बचतीबद्दल, कारण या धंद्यात इथेच आकडे फुगवले जातात. गळती 25 टक्के म्हणून वीज 25 टक्के वाचत नाही. अनलोडवरही मोटर फिरतच असते आणि स्क्रू कॉम्प्रेसर तेव्हाही चांगलीच वीज घेतो. ती पूर्ण लोडच्या 30 टक्के धरली, तर 37 किलोवॅटच्या मशीनवर सगळी गळती बंद करूनही साधारण साडेसहा किलोवॅट वाचतात, सव्वानऊ नाही. आणि सगळी गळती कधीच बंद होत नाही. क्विक कपलर झिजतात, ट्यूब घासतात, एफआरएलचे बाऊल सैल होतात, ऑटो ड्रेन उघडाच अडकतो. सहा महिन्यांत काही नव्या जागा फुटणारच. मी एकदा येऊन गेले की प्रश्न संपला, असं तुम्हाला कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, मी सांगितलं तरीसुद्धा.

तरी काम करण्यासारखं आहे, कारण छिद्रं दिसायला लहान असतात. 7 बार दाबावर 3 मिलिमीटरच्या एका छिद्रातून मिनिटाला साधारण अर्धा घनमीटर हवा जाते. तेवढी हवा तयार करायला तीन किलोवॅटच्या आसपास वीज लागते, रात्रंदिवस. मशीन चालू असताना तो आवाज कानाला येत नाही. माझ्याकडे अल्ट्रासॉनिक डिटेक्टर आहे. गळतीचा 40 किलोहर्ट्‌झच्या आसपासचा आवाज तो पकडतो, त्यामुळे उत्पादन न थांबवता शोध घेता येतो. साबणाच्या पाण्यानेही गळती सापडते. पण छताजवळच्या हेडरपर्यंत बादली घेऊन चढणं मला माझ्या आधीच्या नोकरीतही पटलं नव्हतं.

माझा प्रस्ताव असा. मी एक दिवस येईन. तुमचा एक फिटर माझ्यासोबत द्या, म्हणजे कुठल्या जागा कशा सापडल्या हे त्यालाही कळेल. प्रत्येक गळतीला नंबरचा टॅग बांधीन आणि दुसऱ्या दिवशी यादी देईन : जागा, फोटो, अंदाजे आकार, कुठला भाग बदलावा आणि आधी कुठली दुरुस्त करावी. आकार अंदाजेच असेल, डिटेक्टरवरून लिटरचा नेमका हिशोब निघत नाही. दुरुस्ती तुमची माणसं करतील. सुटे भाग मी विकत नाही आणि कुणाकडून कमिशनही घेत नाही.

दुरुस्तीनंतर तीच स्टॉपवॉचची चाचणी तुम्ही पुन्हा करायची, माझ्या गैरहजेरीत. टक्केवारी किमान एक तृतीयांशाने उतरली नाही, तर माझी फी देऊ नका. टॅग केलेली प्रत्येक जागा खरोखर दुरुस्त झालेली असावी, एवढी एकच अट.

काम पटलं तर पुढच्या ग्राहकाला तुमचं नाव सांगू का, असं मी नंतर विचारीन. नाही म्हणालात तर फीमध्ये किंवा कामात काही फरक पडणार नाही. कौतुकाच्या बदल्यात सवलत मी देत नाही, कारण तसं कौतुक वाचणाऱ्याच्या काही कामाचं नसतं. आणि हो म्हणालात, तर जे कमी पडलं तेही लिहा.

माझा फोन लेटरहेडवर आहे, सकाळी दहानंतर मी स्वतः उचलते. पण घाई नको. येत्या सुट्टीच्या दिवशी चाचणी करा आणि फक्त दोन सरासरी कळवा, लोडचे सेकंद आणि अनलोडचे सेकंद. मी यावं की नाही, हे त्यावरून दोघांनाही कळेल.

कळावे,
आपली विश्वासू,
संचालिका, कॉम्प्रेस्ड एअर गळती तपासणी सेवा