पावसाळ्याच्या चार महिन्यांचं नियोजन : मॅनेजर, स्वयंपाकघर आणि रिसेप्शनसाठी

पावसाळ्यात सोमवार ते गुरुवार आपल्या १२ खोल्यांपैकी जेमतेम ४ लागतात. दुपारी १४ टेबलांपैकी ५-६ भरतात. शनिवार-रविवार बरा जातो, म्हणून त्या दिवशी कोणतीही सवलत नाही.

जेवणाच्या बिलावर सरसकट सूट द्यायची नाही. शंभराच्या बिलात ४० कच्च्या मालाचे, हाती राहतात ६०. वीस टक्के सूट दिली की राहतात ४०. मग पूर्वीइतके पैसे सुटायला दीडपट बिलं व्हायला हवीत, आणि भर पावसात तेवढं गिऱ्हाईक येत नाही. त्याऐवजी दुपारी १२ ते ३ एकच ठरावीक जेवण ठेवू : कमी कच्चा माल, दहा मिनिटांत टेबलावर.

खोलीचं गणित उलट आहे. रिकामी रात्र परत विकता येत नाही आणि पाहुणा आला तर वाढीव खर्च धुलाई, गरम पाणी, नाश्ता एवढाच. तरी छापील दर उतरवू नका. एकदा उतरवलेला दर हंगामात चढवताना जुने पाहुणे कुरकुरतात. जुन्या पाहुण्यांना हा मेसेज जाईल : “सोमवार ते गुरुवार दोन रात्री राहा, तिसरी रात्र आमच्याकडून, नाश्त्यासह. बुकिंग किमान एक दिवस आधी.”

मेनू ४६ पदार्थांवरून २४ वर. आठवड्यात पाचपेक्षा कमी खपणारा आणि ज्याचा माल दुसऱ्या कशातच वापरला जात नाही, असा पदार्थ आधी काढायचा. भाजी रोजची रोज. टाकलेला माल वजन करून वहीत. दोनपैकी एक डीप फ्रीझर बंद होईल. बर्फ वितळवून आतून कोरडा पुसा आणि दारात लाकडाचा तुकडा अडकवा. दार मिटलं की आठवड्यात बुरशीचा वास धरतो, मग तो महिनोन्‌महिने जात नाही. चालू फ्रिजचं रबर तपासा. ते सैल असेल तर दमट हवा आत जाते, बर्फ साठतो आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही. आत ५ अंशांखाली हवं.

वरच्या मजल्याच्या ४ खोल्या बंद, गीझर मेन स्विचवरून. गाद्या भिंतीला न टेकवता उभ्या, उघडीप असेल तेव्हा खिडक्या उघडून दोन तास पंखा. चादरी वाळायला दोन दिवस धरा. धुलाईचं मशीन अर्धंच भरलेलं असेल तर चालवू नका.

कामावरून कोणाला कमी करायचं नाही. आचारी गेला तर हंगामाच्या तोंडावर नवा मिळत नाही. साठलेल्या रजा आळीपाळीने, एका वेळी दोघांनाच. रंगरंगोटी, नळदुरुस्ती याच काळात. कीटकनाशक फवारणी, दारातलं पायपुसणं आणि जिन्यातले दिवे यांत काटकसर नको. ओल्या जिन्यावर पाहुणा घसरला तर वाचवलेलं सगळं जाईल.

दर सोमवारी सकाळी तीन आकडे मांडा : बिलांची संख्या, मालाच्या खर्चाची टक्केवारी, टाकलेल्या मालाचे किलो. सलग दोन आठवडे बिलं वाढली नाहीत तर चालू असलेली सवलत तिसऱ्या सोमवारी बंद.