12 मार्चला तुमच्या खात्यातून 1,199 रुपये कापले जातील, नको असेल तर 11 तारखेपर्यंत बंद करा

नमस्कार,

आधी कामाचं सांगतो, बाकी वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमचा ऑडिओबुकचा वर्षाचा प्लॅन 11 मार्च 2026 ला संपतोय. तुम्ही काहीच केलं नाही तर गुरुवारी, 12 मार्च 2026 ला सकाळी 10 नंतर पुढच्या वर्षाचे 1,199 रुपये आपोआप कापले जातील. मागच्या वर्षी 999 होते, म्हणजे यंदा 200 रुपये जास्त. जीएसटी यातच धरलाय, वर काही लागणार नाही.

पुढे चालू ठेवायचं नसेल तर 11 मार्चच्या रात्री 11:59 पर्यंत बंद करा. ॲप उघडा, खाली उजवीकडे प्रोफाइल, त्यात "माझं सबस्क्रिप्शन", त्यात "रिन्यूअल बंद करा". झालं. ॲपमध्ये जायचा कंटाळा असेल तर याच मेलला "बंद" एवढा एक शब्द रिप्लाय करा, आम्ही बंद करून त्याच दिवशी उलट मेल पाठवतो. कारण विचारणार नाही.

आता हा दुसरा मेल का, ते.

मागच्या शुक्रवारी, 20 फेब्रुवारीला, आम्ही तुम्हाला एक रिमाइंडर पाठवला होता. त्याचा विषय होता "तुमचा श्रवणप्रवास असाच बहरत राहो!" आणि आत चार परिच्छेद होते, त्यात प्रवास तीनदा आला होता आणि किंमत एकदाही नाही. म्हणजे अगदीच नव्हती असं नाही, "दिवसाला साडेतीन रुपयांहूनही कमी" असं लिहिलं होतं, आता त्यावरून वर्षाचे किती होतात याचा हिशोब माणसाने मेल वाचता वाचता करायचा का? तारीख म्हणून "लवकरच" होतं. आणि बंद कसं करायचं ते सगळ्यात खाली, राखाडी अक्षरात, "अधिक माहितीसाठी अटी व शर्ती पाहा" या ओळीमागे. तो मेल मीच लिहिला होता. त्यावर आलेल्या रिप्लायमध्ये एकाच प्रकारची वाक्यं होती, "नक्की किती कापणार ते सांगा ना एकदाचं", "बंद करायचं बटण आहे तरी कुठे", आणि एका बाईंनी फक्त "म्हणजे??" एवढंच लिहिलं होतं, ते मला सगळ्यात जास्त लागलं. म्हणून तो मेल आता विसरा, हाच धरा. दोन्हीत काही वेगळं वाटलं तर या मेलमधलं बरोबर.

पैशांचं जरा सविस्तर

1,199 मध्ये प्लॅनचे 1,016.10 आणि 18 टक्के जीएसटीचे 182.90 आहेत. पैसे कापले की त्याच दिवशी बिल मेलवर येईल, त्यात हेच आकडे दिसतील. हे पैसे 12 मार्च 2026 ते 11 मार्च 2027 या पूर्ण वर्षाचे, एकदाच. मध्येच भाव वाढला तरी तुम्हाला त्या वर्षात वेगळे पैसे लागत नाहीत.

200 रुपये का वाढवले, तर पुस्तकं वाचणाऱ्या कलाकारांचं मानधन आणि रेकॉर्डिंगचा खर्च आम्ही यंदा वाढवला, आणि तो भाग तुमच्याकडून घेतोय. तुम्हाला हे पटलंच पाहिजे असं नाही. वाढ साधारण 20 टक्के आहे, ती कमी आहे असं मी तरी म्हणणार नाही.

एक गोष्ट मागच्या मेलमध्ये मुद्दाम नव्हती, ती इथे लिहितो. आमचा महिन्याचा प्लॅनही आहे, 129 रुपयांचा. पूर्ण वर्षभर घेतला तर 1,548 होतात, म्हणजे वर्षाचा प्लॅन स्वस्त पडतो, पण तुम्ही वर्षातले नऊ महिने किंवा त्याहून कमी ऐकत असाल तर महिन्याचाच परवडतो (नऊ महिन्यांचे 1,161 होतात). गेल्या वर्षात तुम्ही कोणत्या महिन्यात किती तास ऐकलं ते "माझं सबस्क्रिप्शन"च्या पानावरच दिसतं, एकदा बघून घ्या. पहिले दोन महिने जोरात आणि मग सगळं शून्य असं दिसलं तर वर्षाचा प्लॅन बंद करा आणि हवा तेव्हा महिन्याचा घ्या, खरंच.

पैसे कापले जातात कसे

मागच्या वर्षी तुम्ही यूपीआय किंवा कार्डवरून पैसे भरताना ऑटोपेला परवानगी दिली होती, त्या परवानगीवरच हे चालतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापायच्या किमान 24 तास आधी तुम्हाला तशी सूचना मिळायलाच हवी, त्यामुळे 11 मार्चच्या सकाळपर्यंत तुमच्या बँकेकडून किंवा यूपीआय ॲपवर मेसेज येईल, त्यात 1,199 चा आकडा असेल. तो मेसेज खरा आहे, फसवणूक समजून घाबरू नका. पण कोणी फोन करून "रिन्यूअलसाठी ओटीपी सांगा" म्हणालं तर तो माणूस आमचा नाही, फोन ठेवून द्या. 15,000 रुपयांपर्यंतच्या अशा ऑटोपेला दरवेळी ओटीपी किंवा पिन लागत नाही, त्यामुळे 12 तारखेला तुम्हाला काहीही टाकायला लागणार नाही, पैसे थेट जातील. सोय पण तीच आणि गोची पण तीच, म्हणून एवढं आधीपासून सांगतोय.

तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत आमच्या नावासमोर 1,500 दिसेल. ती कमाल मर्यादा आहे, किंमत नाही. परवानगी देताना आम्ही ती थोडी वर ठेवून घेतली होती, म्हणून वाढलेले 1,199 पण त्यात बसतात. 1,500 कापणार का असं बऱ्याच जणांनी विचारलंय, तर नाही, 1,199 च.

बंद करताना होणारे घोळ

फोनमधून ॲप काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं असं होत नाही. हा घोळ सगळ्यात जास्त होतो. ॲप गेलं तरी ऑटोपेची परवानगी तशीच राहते आणि पैसे जातात, मग मार्चच्या मधल्या आठवड्यात आम्हाला रागाचे मेल येतात आणि राग बरोबरच असतो. ॲप आधीच काढलं असेल तर परत टाकत बसू नका, वर सांगितल्याप्रमाणे "बंद" असा रिप्लाय करा, पुरे. फक्त ज्या मेलने अकाउंट उघडलंय त्याच मेलवरून करा, नाहीतर कोणाचं बंद करायचं तेच आम्हाला कळणार नाही.

तुम्ही थेट यूपीआय ॲपमधून आमचं ऑटोपे रद्द केलंत तरी चालतं, पैसे जाणार नाहीत. आमच्याकडे ते दिसायला एखादा दिवस लागतो इतकंच, तोवर ॲपमध्ये "रिन्यूअल चालू" दिसलं तर दुर्लक्ष करा.

"रिन्यूअल बंद करा" दाबलं की एकच प्रश्न येईल, "नक्की?" त्यावर "हो" म्हणा. आधी तिथे पाच स्क्रीन होत्या, एकीत सूट, एकीत रडका चेहरा, एकीत "मी वाचनावर प्रेम करत नाही" अशा नावाचं बटण. ते सगळं काढून टाकलंय. 2023 मध्ये आपल्याकडे ग्राहक संरक्षणाच्या ज्या डार्क पॅटर्नच्या गाइडलाइन्स आल्या त्यात असल्या गोष्टींना नावंच दिली आहेत, सबस्क्रिप्शनचा सापळा हे त्यातलं एक आणि ग्राहकाला लाजवून नको ते करायला लावणं हे दुसरं, आणि ती यादी वाचताना आमच्या त्या पाच स्क्रीन डोळ्यासमोर आल्या.

ॲपमधून बंद केलं की बंद झाल्याचा मेल दहा मिनिटांत येतो. नाही आला तर बंद झालेलं नाही असं समजा आणि रिप्लाय करा.

प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधून घेतलेलं असेल तर

हा मेल ज्यांनी थेट आमच्याकडे पैसे भरलेत त्यांनाच जायला हवा, पण आमची यादी शंभर टक्के बरोबर असेल याची खात्री मी देत नाही. स्टोअरमधून घेतलं असेल तर बंद करणं आमच्या हातात नाही, तिथेच करावं लागतं. अँड्रॉइडवर Play Store उघडून प्रोफाइलच्या फोटोवर टॅप करा, मग Payments & subscriptions, मग Subscriptions. आयफोनवर Settings, सगळ्यात वर तुमचं नाव, मग Subscriptions. आयफोनवाल्यांनी शेवटच्या रात्रीपर्यंत थांबू नका, किमान 24 तास आधी करून टाका.

बंद केल्यावर काय होतं

11 मार्चपर्यंत सगळं जसंच्या तसं चालू राहतं, आज बंद केलं म्हणून आजच आवाज बंद होत नाही, भरलेल्या पैशांचे दिवस तुमचेच आहेत. 12 पासून डाउनलोड केलेली पुस्तकं उघडणार नाहीत. तुमच्या याद्या, बुकमार्क, कुठलं पुस्तक कुठवर ऐकलं ते सगळं एक वर्ष जपून ठेवतो, परत आलात तर तिथूनच सुरू होईल. अकाउंटच पूर्ण पुसून हवं असेल तर रिप्लायमध्ये "अकाउंट काढा" लिहा, ते वेगळं काम आहे आणि ते केल्यावर याद्या परत येत नाहीत.

विसरलात आणि पैसे गेले तर

26 मार्चपर्यंत कळवा, पूर्ण 1,199 परत करू. मधल्या काळात एखादं पुस्तक ऐकलं असेल तरी परत करू. ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात येतील, साधारण 5 ते 7 कामाच्या दिवसांत. 26 नंतर मात्र परत मिळणार नाहीत, तेव्हा बंद केलंत तर ते पुढच्या वर्षासाठी बंद होईल आणि 11 मार्च 2027 पर्यंत ऐकता येईल.

चालू ठेवायचं असेल तर काहीच करू नका, फक्त 12 तारखेला खात्यात तेवढे पैसे असू द्या. पैसे नसतील तर आम्ही 14 मार्चला अजून एकदा प्रयत्न करू, तेव्हाही नाही गेले तर प्लॅन थांबेल, दंड वगैरे काही नाही.

9 मार्चला एक छोटा मेल अजून येईल, त्यात फक्त वरच्या तीन गोष्टी असतील, किती, कधी आणि बंद कसं करायचं. तुम्ही त्याआधीच बंद केलं असेल तर तो येणार नाही.

सबस्क्रिप्शनचे मेल लिहिणारा,
ऑडिओबुक टीम

ता.क. "म्हणजे??" लिहिणाऱ्या बाईंना वेगळा मेल केला होता. त्यांनी महिन्याचा प्लॅन घेतला.