भूजलाच्या प्रकरणातला उतारा: मूळ, सोपा आणि बदलांचा खुलासा

नमस्कार. तुमच्या प्रबंधातल्या तिसऱ्या प्रकरणाची पुस्तिका गावोगावच्या पाणी समित्यांच्या हातात जाणार आहे, म्हणून त्यातला सगळ्यात जड उतारा आधी घेतला. शेजारी खडकाच्या छेदाची आकृती आहे आणि पानाची मांडणी झालेली आहे, त्यामुळे नवा उतारा तेवढ्याच ओळींत बसायला हवा होता. बसला आहे. खाली मूळ, मग नवा, आणि त्यानंतर कुठे काय बदललं ते.

मूळ उतारा

प्रस्तुत संशोधनाच्या अनुषंगाने असे निदर्शनास येते की, दख्खनच्या पठारावरील बेसाल्टजन्य कठीण खडकांच्या भूस्तरीय संरचनेच्या वैशिष्ट्यपूर्ण स्वरूपामुळे सदर प्रदेशातील भूजलाच्या साठवणक्षमतेवर मूलभूत स्वरूपाच्या मर्यादा आलेल्या असून, विदारित, संधियुक्त व सच्छिद्र स्तरांचा अपवाद वगळता सघन स्तरांमध्ये जलधारणेची शक्यता नगण्य प्रमाणात असल्याचे, तसेच जलधारक स्तरांमधील विशिष्ट जलप्राप्तीदेखील साधारणतः १ ते ३ टक्के इतक्या अल्प मर्यादेत असल्याचे प्रतिपादन करता येते. सदर परिस्थितीच्या पार्श्वभूमीवर, विंधन विहिरींच्या संख्येत व खोलीत झालेल्या लक्षणीय वृद्धीच्या संदर्भात असे म्हणणे अप्रस्तुत ठरणार नाही की, अशा प्रकारच्या हस्तक्षेपांद्वारे भूजलाच्या उपलब्धतेत निव्वळ वाढ घडून येण्याऐवजी विद्यमान साठ्याच्या अवकाशीय व कालिक पुनर्वितरणाची प्रक्रिया कार्यान्वित होत असून, त्याचे प्रतिकूल परिणाम प्रामुख्याने उथळ विहिरींवर अवलंबून असणाऱ्या अल्पभूधारक घटकांवर होत असल्याचे दिसून येते. याच अनुषंगाने हेही लक्षात घेणे आवश्यक ठरते की, ऊस यांसारख्या जलसघन पिकांच्या लागवडीस प्राप्त झालेल्या प्राधान्यामुळे उपसा व पुनर्भरण यांमधील असमतोल अधिकाधिक तीव्र होत जाण्याची प्रवृत्ती निर्माण झालेली असून, सदर असमतोलाची परिणती उन्हाळी हंगामात पेयजलाच्या दुर्भिक्ष्यामध्ये होत असल्याची वस्तुस्थिती नाकारता येत नाही. उपरोक्त विवेचनाच्या आधारे, भूजल या संसाधनाचे सामूहिक स्वरूप अधोरेखित करणे क्रमप्राप्त ठरत असून, वैयक्तिक मालकीच्या संकल्पनेवर आधारित विद्यमान व्यवस्थेच्या जागी लोकसहभागाधारित व्यवस्थापनाच्या दिशेने संक्रमण घडवून आणण्याच्या दृष्टीने आवश्यक त्या उपाययोजना संबंधित स्तरांवर करण्यात याव्यात, असे सुचवावेसे वाटते.

नवा उतारा

दख्खनच्या पठाराखाली बेसाल्टचा कठीण खडक आहे आणि त्यात पाणी फार कमी साठते. खडकाचा जो थर झिजून मुरमासारखा भुसभुशीत झाला आहे, ज्याला भेगा आहेत किंवा ज्यातल्या बारीक पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत, तेवढ्यातच ते राहते. घट्ट काळ्या पाषाणात जवळपास नसतेच. पाणी धरणाऱ्या थरातूनही साधारणपणे त्याच्या घनफळाच्या १ ते ३ टक्के एवढेच पाणी बाहेर काढता येते. हे प्रमाण २ टक्के धरले, तर एक हेक्टर रानाखालची पाणीपातळी एक मीटर उतरते तेव्हा हाती येते २ लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. बोअरची संख्या खूप वाढली, खोलीही वाढली. पण बोअर नवे पाणी तयार करत नाही. आहे तेच पाणी एका रानातून दुसऱ्या रानात आणि एका महिन्यातून दुसऱ्या महिन्यात नेतो. शेजारच्या विहिरीत मार्चमध्ये उतरले असते ते पाणी डिसेंबरातच बोअरमधून उपसले जाते. याचा फटका बसतो तो मुख्यतः उथळ विहिरीवर शेती करणाऱ्या लहान शेतकऱ्यांना. त्यातच उसासारख्या भरपूर पाणी लागणाऱ्या पिकांना पसंती मिळाली. पावसाळ्यात जमिनीत मुरते त्याहून जास्त पाणी उपसले जाते आणि ही तफावत वाढत चालली आहे. उन्हाळ्यात ती प्यायच्या पाण्याची टंचाई होऊन समोर येते. जमिनीखालचे पाणी बांध पाहून थांबत नाही. ते सगळ्यांचे मिळून एकच आहे. आज मात्र ‘ज्याची जमीन, त्याचे पाणी’ असा व्यवहार चालतो. तो बदलावा आणि किती उपसायचे, कोणते पीक घ्यायचे हे एका पाणलोटातल्या गावांनी मिळून ठरवावे, अशी माझी सूचना आहे.

बदलांचा खुलासा

मुळात चार वाक्यं होती, आता सतरा आहेत. ‘असे निदर्शनास येते की’, ‘असे म्हणणे अप्रस्तुत ठरणार नाही की’, ‘वस्तुस्थिती नाकारता येत नाही’, ‘क्रमप्राप्त ठरत असून’ हे सगळं काढलं, तीन ‘सदर’ काढले. एवढं काढूनही तुमचं एकही म्हणणं गेलं नाही. मोकळी झालेली जागा तीन ठिकाणी वापरली: टँकरचा हिशेब, मार्च-डिसेंबरचं उदाहरण आणि बांधाचं वाक्य. जागा उरली म्हणून ती भरलेली नाही. ‘विशिष्ट जलप्राप्ती’ आणि ‘पुनर्वितरण’ हे शब्द काढल्यावर त्यांचा अर्थ कुठेतरी सांगावा लागणारच होता.

टँकरचा हिशेब तपासून घ्या. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. पातळी १ मीटर उतरली की १०,००० घनमीटर खडक रिकामा होतो, त्याच्या २ टक्के म्हणजे २०० घनमीटर, म्हणजे २,००,००० लिटर. विदारित किंवा सांधे असलेल्या बेसाल्टसाठी २ टक्के हा नेहमी धरला जाणारा आकडा आहे आणि तुमच्या १ ते ३ च्या मधोमध बसतो. तुमच्या क्षेत्रातल्या पंपचाचण्यांमधून वेगळा आकडा आला असेल तर तो घाला. मग टँकरची संख्याही बदलावी लागेल.

‘विशिष्ट जलप्राप्ती’ची सच्छिद्रतेशी गल्लत होऊ देऊ नका. खडकात पोकळ जागा किती, ही सच्छिद्रता. त्यातलं गुरुत्वानं सुटून विहिरीत येईल एवढं पाणी, ही जलप्राप्ती. बाकीचं पाणी खडकाला चिकटून राहतं. म्हणून चौथ्या वाक्यात ‘साठते’ न लिहिता ‘बाहेर काढता येते’ लिहिलं. याच कारणानं ‘सच्छिद्र’ची नुसती ‘पोकळ्या असलेला’ अशी सोय केली नाही. बेसाल्टमधल्या पोकळ्या पुष्कळदा झिओलाइटसारख्या खनिजांनी भरलेल्या असतात, किंवा सुट्या सुट्या असतात. तशा खडकात भोकं दिसतात पण पाणी हलत नाही. ‘एकमेकींना जोडलेल्या’ हे दोन शब्द त्यासाठी आहेत, ओळ कमी करायची झाली तरी ते काढू नका. विहीर खणणारे ‘मांजऱ्या’ म्हणतात तो शब्द मोहात पाडणारा होता, पण तो बहुतेकदा पोकळ्या भरलेल्या खडकालाच वापरतात. इथे उलटा अर्थ झाला असता.

‘अवकाशीय व कालिक पुनर्वितरण’ हा या उताऱ्याचा कणा आहे, आणि तिथेच सगळ्यात जास्त वेळ गेला. पहिल्या खेपेला ‘पाणी इकडचं तिकडे होतं’ असं लिहिलं. वाचायला छान, पण ‘कालिक’ गळून पडलं, आणि बोअरचा खरा घोटाळा तर वेळेतच आहे: पाणी लवकर संपतं. म्हणून ‘एका रानातून दुसऱ्या रानात’ आणि ‘एका महिन्यातून दुसऱ्या महिन्यात’ अशी जोडी केली. दुसऱ्या खेपेत ‘बोअरमुळे विहिरी आटतात’ असं वाक्य आलं होतं, तेही काढलं. तुम्ही तेवढं म्हटलेलं नाही. सोपं करताना म्हणणं नकळत ठाम होत जातं, ही या कामातली नेहमीची चूक. त्यामुळेच ‘प्रामुख्याने’चं ‘मुख्यतः’ आणि ‘साधारणतः’चं ‘साधारणपणे’ केलं, पण काढलं नाही. ते शब्द काही दाव्याची मर्यादा सांगतात. ‘अप्रस्तुत ठरणार नाही’ कशाचीच मर्यादा सांगत नाही, ते नुसतं अंग चोरणं आहे.

उसाला पाणी किती लागतं हा आकडा मुळात नव्हता, म्हणून घातला नाही. वर्षाला २,००० मिलिमीटर धरले तर एका हेक्टरला २ कोटी लिटर होतात, आणि वरच्या २ लाखांशेजारी तो आकडा डोळ्यांत भरेल. पण त्यातलं काही पाणी पावसाचं, ठिबक आणि पाटपाणी यांत फरक, काही भागात कालव्याचं पाणी. एवढं सगळं सांगायला या पानावर जागा नाही. हवा असेल तर आकृतीखालच्या मजकुरात घालू.

‘विंधन विहीर’ऐवजी उताऱ्यात ‘बोअर’ आहे, कारण समितीतला माणूस तेच म्हणतो. तक्त्यांच्या मथळ्यांत मात्र ‘विंधन विहीर’च राहू दिलं, अर्जांत आणि सरकारी कागदांत तोच शब्द त्याला भेटणार. ‘साठते’ की ‘साठतं’, याचा निर्णय पुस्तिकाभर एकच हवा. इतर प्रकरणं ‘साठते’ वळणाची आहेत म्हणून इथेही तेच ठेवलं.

आता तुमच्याकडून तीन उत्तरं हवीत, ती आल्याशिवाय उतारा छपाईला देता येणार नाही.

पहिलं, ‘संबंधित स्तरांवर उपाययोजना करण्यात याव्यात’ यात करणारा कोण? ‘एका पाणलोटातल्या गावांनी’ ही माझी भर आहे. २००९ च्या महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात पाणलोट क्षेत्रासाठी समितीची तरतूद आहे, त्यामुळे ती बसते असं वाटलं. तुमच्या मनात ग्रामसभा किंवा जिल्हा पातळी असेल तर कर्ता बदला, पण कर्ता ठेवा. ‘किती उपसायचे, कोणते पीक घ्यायचे’ हेही माझंच आहे. ‘उपाययोजना’ या शब्दाच्या जागी काहीतरी हातात धरता येण्याजोगं हवं होतं.

दुसरं, ‘वैयक्तिक मालकी’. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानं जमीनमालकाला स्वतःच्या जमिनीखालचं पाणी गोळा करून वापरायचा हक्क मानला आहे. पाण्याची मालकी आणि उपसायचा हक्क या अगदी एक गोष्टी नाहीत. ‘ज्याची जमीन, त्याचे पाणी’ हा व्यवहार म्हणून बरोबर आहे, म्हणून तिथे मुद्दाम ‘कायदा’ न लिहिता ‘व्यवहार’ लिहिलं. चालेल का?

तिसरं, ‘लक्षणीय वृद्धी’. मी ‘खूप वाढली’ एवढंच लिहू शकलो, कारण उताऱ्यात आकडा नाही. तुमच्या सर्वेक्षणाच्या गावांतली बोअरची आधीची आणि नंतरची संख्या असेल तर दोन आकडे कळवा. त्या ओळीच्या शेवटी अजून पाच-सहा शब्दांची जागा आहे.