कथा पाठवण्याआधी: ‘शिदोरी’, बेळगाव, डिसेंबर १९२४

(कथा कल्पित: शहापूरची एक आक्का काँग्रेसच्या अधिवेशनात भाकऱ्या पोचवते. माणसं माझी, काळ माझा नाही.)

☐ हद्द. सगळ्यात आधी हीच, कारण इथंच माझी जीभ घसरते. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात, शहापूर सांगली संस्थानात. आज रिक्षानं पाच मिनिटांत जातो, म्हणून पहिल्या खर्ड्यात बेळगावच्या फौजदाराला मी शहापुरात थेट घुसवून झडती घ्यायला लावली होती. संस्थानाची परवानगी कुठाय? तो प्रसंग मोडला, पण त्यातूनच नवा सापडला: आक्का घरी पोचली की फौजदार वेशीवरच अडकतो. ‘कर्नाटक’ हा शब्द भाषेच्या प्रदेशासाठी चालेल, राज्य म्हणून नाही. ते नाव १९७३ चं. ‘बेळगावी’ही नको. गोव्याच्या वाटेवर पोर्तुगीज.

☐ आभाळ. २६ डिसेंबरला अधिवेशन सुरू झालं, त्या दिवशी मार्गशीर्षातली अमावास्या. माझ्या आक्कानं चांदण्यात विहिरीवर पाणी शेंदलं होतं! आता हातात कंदील.

☐ झेंडा. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली तांबडा, त्यावर चरखा. केशरी पट्टा १९३१ नंतर.

☐ पैसे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. आक्का ‘पावली’ म्हणेल, ‘पंचवीस पैसे’ नाही. नवे पैसे १९५७ चे. वजन शेरात, किलोत नाही. भाकरीचा नेमका भाव मी लिहिलाच नाही, ‘दोन दिवसांच्या मजुरीएवढे’ म्हटलं की भागतं. खोटा आकडा देण्यापेक्षा हे बरं.

☐ कागद. सावकाराची नोंदवही मोडीत. आक्काला ती वाचता येत नाही, म्हणूनच तिची फसगत होते. कथानक तिथंच उभं आहे, हे विसरू नको.

☐ बोली. ‘ताण आला’, ‘जय हिंद’, ‘ओके’: तिन्ही काढली. कानडी शब्द मात्र काढायचे नाहीत. ‘आक्का’च कानडी आहे, तिला ‘ताई’ केलं की शहापूर जातं.

☐ थोर माणसं. गांधीजी अध्यक्ष होते, हे खरंच. पण ते आक्काशी बोलत नाहीत. दुरून एक पाठमोरी आकृती, एवढंच. गंगाधरराव देशपांडे सगळी व्यवस्था पाहत होते, त्यांच्या तोंडीही कल्पित वाक्य नाही. स्वयंसेवक माझा आहे, त्याला हवं ते बोलू दे.

☐ शेवटी आत्याला वाचून दाखवायचं. तिची आजी शहापूरची. मागच्या वेळी ‘चुलीवरचा प्रेशर कुकर’ तिनंच पकडला.