रोल नंबर त्रेसष्ट

इंदूरच्या त्या कायद्याच्या वर्गात एकेका बाकावर चार-चार जणी कोंबलेल्या. पोह्यांचा हात रुमालाला पुसत मृणाल बसते न बसते तोच बाई म्हणाल्या, "त्रेसष्ट! लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त, 1913. काय घडलं?"

तिनं वाचलं होतं ते फक्त नाव.

"बाई, नोकरानं मालकाचा हरवलेला पुतण्या शोधला. मग... बक्षीस मिळालं."

मागे खसखस पिकली.

"501 रुपये जाहीर कधी झाले? तो शोधायला निघण्याआधी?"

शेजारणीचं बोट वहीवर सरकलं.

"नंतर. म्हणजे... त्याला माहीतच नव्हतं?"

"मग माहीत नसलेला प्रस्ताव स्वीकारला कसा?"

"नाही स्वीकारला. म्हणून दावा फेटाळला."

"बरं. करार कायद्याचं कलम?"

शेजारणीनं वही मिटली होती.